मागे घेतलेली ओळ

बेल्याहून प्रवीणचा फोन आला तेव्हा दीपमाला पोळ्याच्या शुभेच्छांचा फलक तपासत होती. प्रवीणचं बेल्याच्या चौकात खता-औषधांचं दुकान होतं आणि 'पळस' कंपनीचे फवारणी पंप त्या भागात तोच विकायचा. एरवी तो माल कधी येणार हेच विचारायला फोन करायचा.

"ताई, एक बाई दवाखान्यात गेली," तो म्हणाला. "पंप गळला म्हून सांगून राह्यले."

"कोणता पंप?"

"आपलाच."

तिनं फलकाच्या कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं, बेला, बाई, पंप गळला. मग नाव विचारलं. बयनाबाई. वय पन्नासच्या आसपास. सकाळपासून कपाशीवर फवारत होती, दुपारी शेतातच पडली. आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात आणलं होतं. दीपमालानं तेही लिहून घेतलं. तिला वाटलं, आता आपल्याला काहीतरी व्हायला पाहिजे, छातीत धडधड वगैरे. तसं काही झालं नाही. तिनं पेनाला टोपण लावलं आणि उत्तमरावांच्या खोलीत गेली.

उत्तमराव कंपनीचे मालक. आधी आदिलाबादेत त्यांचं पाण्याच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान होतं. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी गावाबाहेर एक शेड घेतली आणि पाठीवरचे चार्जिंगचे पंप जुळवायला सुरुवात केली. टाकी हैदराबादेहून यायची, मोटार आणि बॅटरी दिल्लीहून, बारीकसारीक सामान मिळेल तिथून. दीपमाला तेव्हा एका खाजगी शाळेत मराठी शिकवायची. मुलं कमी झाली म्हणून शाळेनं मराठीचे वर्ग बंद केले, त्याच वर्षी उत्तमराव तिच्या घरी आले. त्यांची मुलगी मंजुषा तिच्या हाताखाली शिकलेली. "बाई, तुमचं मराठी चांगलं हाय," ते म्हणाले, "आमच्या डब्यावर काय लिवायचं ते सांगा."

तिनं एका दुपारी पाच ओळी लिहून दिल्या. एक थेंबही अंगावर नाही. एका चार्जिंगला दिवसभर. दोन वर्षांची हमी. दुरुस्ती गावातच, दोन दिवसांत. आपल्या माणसांचा पंप. पुढं त्या तेलुगूतही झाल्या, भिंतींवर रंगल्या, ऑटोच्या मागे लागल्या. पहिल्या ओळीत क्रियापद नव्हतं आणि त्याची गरजही वाटत नव्हती, याचा तिला मनातून अभिमान होता. नंतर ती कंपनीतच लागली. जाहिरात, दुकानदार, ग्राहकांचे फोन, सगळं तिच्याकडे आलं.

उत्तमरावांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "एकच का?"

"आत्तापर्यंत एक."

संध्याकाळपर्यंत तीन झाले. बाकीचे दोघे पुरुष होते, त्यांना मळमळ आणि चक्कर होती, घरीच होते. पण एका पोरानं अंगणात पंप आडवा धरून व्हिडिओ काढला होता. टाकीच्या बुडाशी, जिथून नळी निघते, तिथून पांढरट औषध संथपणे झिरपत होतं. झिरपत झिरपत ते बरोबर टाकीवरच्या पिवळ्या पट्टीवरून खाली येत होतं. पट्टीवर तिची पहिली ओळ होती. व्हिडिओ मराठीत, तेलुगूत, वेगवेगळ्या शिव्या जोडून फिरत होता. तिच्या नवऱ्याला, नागसेनला, तो त्याच्या शाळेतल्या शिक्षकांच्या ग्रुपवर आला. त्यानं तो तिला पाठवला नाही. तिनं घरी आल्यावर त्याच्या चेहऱ्यावरूनच ओळखलं.

"जेवतेस ना?" त्यानं विचारलं.

"हो."

ती जेवली. भाजीला मीठ कमी आहे हे तिच्या लक्षात आलं, आणि असं लक्षात येतंय याचं नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दवाखान्यात गेली. उत्तमराव येतो म्हणत होते, पण वकिलाचा फोन आला की मालकानं आत्ता जाऊ नये, काही बोलूही नये. "मग मी जाते," दीपमाला म्हणाली. कोणी अडवलं नाही.

बयनाबाई आतल्या वॉर्डात होती. बाहेरच्या बाकावर तिची मुलगी पंचफुला बसली होती, कॉलेजात शिकणारी, केसांना तेल नाही, हातात रिकामी सलाईनची पिशवी. ती कशासाठी धरलीय हे तिलाही माहीत नसावं. डॉक्टर मधूनच बाहेर येऊन गेले. पोटात औषध गेलेलं नाही, ते म्हणाले, कातडीतून गेलंय. अख्खी पाठ आणि कंबर तीन-चार तास भिजलेली होती. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या होत्या, तोंडातून लाळ जात होती. इंजेक्शनं चालू आहेत, दोन दिवस काढले तर बघू.

दीपमाला पंचफुलाशेजारी बसली. कंपनीतून आले, असं सांगितलं. पंचफुलानं मान हलवली.

"तिला ओलं लागलं नाही का पाठीला?" दीपमालानं विचारलं, आणि प्रश्न तोंडातून गेल्यावर तिला तो दोष दिल्यासारखा वाटला.

"लागलं ना. घाम असंल म्हणली. इतकी उमस होती." पंचफुला थोडी थांबली. "दरवर्षी ती पाठीले प्लास्टिकचा कागद बांधे. पोत्याच्या आतला राह्यते ना, तो. जुन्या पंपाले लई गळती होती. अवंदा नवा घेतला. प्रवीणभाऊच्या दुकानात मीच डबा वाचून दाखवला तिले. तिले वाचता येत नाई. मीच म्हणलं, आई, आता कशाले कागद बांधतं, गरमीनं मरशील. याच्यावर लिवलंय ना."

वॉर्डाच्या दारातून एक नर्स ट्रॉली ढकलत गेली. तिचं एक चाक अडखळत होतं.

"ती ओळ मी लिहिलीय," दीपमाला म्हणाली.

पंचफुलानं तिच्याकडे पाहिलं. रागावणं किंवा रडणं, यातलं काहीही ती करू शकली असती.

"बरं," ती म्हणाली.

दीपमाला आणखी अर्धा तास बसली. मग बसस्टँडजवळ येऊन चहा प्यायली आणि शेडमध्ये परत गेली.

तिथे उत्तमरावांचा मुलगा देवानंद जमिनीवर बसला होता. समोर स्टीलचे तीन पेले, प्रत्येकात वेगवेगळं औषध, आणि त्यात पंपातले वॉशर. खरेदी आणि जुळवणी त्याच्याकडे होती. त्यानं चिमट्यानं एक वॉशर बाहेर काढून तिला दाखवला. कालपासून भिजलेला तो वॉशर फुगून मऊ झाला होता, उकडलेल्या वाटाण्यासारखा. दाबला की कडेनं फाटत होता.

"मार्चात जुन्या वॉशरचा माल महिनाभर उशिरा येनार होता," तो म्हणाला. "दुसऱ्याकडून घेतले. दिसायले सारखेच. तीन दिवस भरून ठेवले होते पंप, एक थेंब गळला नाई."

"औषध भरून?"

"पानी भरून."

त्यानं वॉशर परत पेल्यात टाकला. काही औषधांत पातळ करायला जे तेल असतं, ते साध्या रबराला खातं. ते त्याला माहीत होतं. उत्तमरावांनाही माहीत होतं. म्हणूनच तर इतकी वर्षं ते महागातले वॉशर वापरत होते.

त्या वर्षीच्या मालातले तीन हजार शंभर पंप विकले गेले होते. उत्तमरावांनी पहिला निर्णय लगेच घेतला. पंप वापरणं ताबडतोब थांबवा, असा निरोप जायचा. दीपमालानं तो चार वाक्यांत लिहिला. पंप वापरू नका. अंगावर औषध आलं असेल तर कपडे काढा, साबणानं आंघोळ करा. मळमळलं, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर दवाखान्यात जा आणि औषधाची बाटली सोबत न्या. पंपाचा नंबर अमुक ते तमुक असेल तर दुकानात द्या. तो मराठीत, तेलुगूत गेला. शेडमध्ये काम करणाऱ्या एका बाईनं तो गोंडीत बोलून रेकॉर्ड केला. वकिलानं सुचवलेलं 'काही ठिकाणी क्वचित' हे तिनं काढून टाकलं. हमीपत्रं भरून आलेली होती जेमतेम निम्मी. बाकीच्यांचे फोन नंबर दुकानदारांच्या वह्यांतून, नाहीतर तोंडातोंडी. सगळ्या जाहिराती थांबवल्या. पोळ्याचा फलक छापखान्यातून परत मागवला.

चौथ्या दिवशी नागपूरहून वृषाली आली. कंपन्यांचं नाव खराब झालं की सावरून देणं हेच तिचं काम. उत्तमरावांच्या व्याह्यांनी तिचं नाव सुचवलं होतं. चाळिशीची, कमी बोलणारी. आल्याबरोबर तिनं आधी बयनाबाईंची चौकशी केली. मग पंपाचा रिकामा डबा मागितला, तो कापून टेबलावर सपाट पसरला.

"तुमच्या पाच वचनांचं काय करायचं, तेवढं आज ठरवू," ती म्हणाली. "बाकीचं तुमचं बरोबर चाललंय. लोक आता तुमच्या प्रत्येक वाक्याला टोचून बघणार. पाचही वचनं पुन्हा मोठ्यानं सांगितली तर एकही ऐकू जाणार नाही. जे मोडलं, ते पुरावा हातात येईपर्यंत उच्चारायचंच नाही. जी टिकली, त्यातलं आत्ता ज्याची माणसाला गरज आहे तेवढंच सांगायचं."

तिनं 'एका चार्जिंगला दिवसभर' वर बोट ठेवलं. "हे खरं आहे?"

"शंभर टक्के," देवानंद म्हणाला.

"तरी आत्ता नको. बाई दवाखान्यात असताना बॅटरीचं कौतुक कोणी ऐकणार नाही. हमी?"

"मोटर आनि बॅटरीची हाय. वॉशरची नाई," देवानंद म्हणाला.

"म्हणजे लोकांना वाटतं पूर्ण पंपाची आहे, आणि बारीक अक्षरात तसं नाही. मग एकतर वाढवा, नाहीतर गप्प बसा." उत्तमराव म्हणाले, वाढवा. वृषालीनं खूण केली. मग शेवटच्या ओळीशी ती थांबली. "आपल्या माणसांचा पंप."

"ते तरी राहू द्या," उत्तमराव म्हणाले. सगळ्या ओळींत त्यांना तीच आवडायची.

"काका, हे दुसऱ्यानं तुमच्याबद्दल बोलायचं असतं. आज तुम्ही बोललात तर बयनाबाई कोणाची, असं कोणीतरी विचारेल."

उत्तमरावांनी चष्मा काढून पुसला.

राहिली 'दुरुस्ती गावातच, दोन दिवसांत'. हेच आत्ता लोकांना हवं होतं, फवारणीचे दिवस निघून चालले होते. पण ते जमणार आहे का, हे दीपमालानं विचारलं. देवानंदनं दुकानदारांची यादी काढली. बेला, जैनथकडे जमत होतं. तलमडुगु भागात त्यांचा मेकॅनिक मागच्या वर्षीच सोडून गेला होता आणि दुसरा ठेवलेला नव्हता. म्हणजे तिथं हे वचन वर्षभर खोटंच होतं, फक्त कोणाला गरज पडली नव्हती.

"मग तलमडुगुला चार दिवस लिहू," दीपमाला म्हणाली.

"जाहिरातीत असं कोणी लिहितं?" उत्तमराव म्हणाले.

"लिहा," वृषाली म्हणाली. "चार लिहा आणि तीनमध्ये करा."

जुने, महागातले वॉशर आठ दिवसांनी आले. देवानंद तेव्हापासून घरी फक्त झोपायला जात होता. त्यानं चाळीस पंपांत ते बसवले, तीन प्रकारची औषधं खरोखर भरली, आणि बारा दिवस दाबाखाली ठेवून रोज चालवले. खाली पांढरा कागद अंथरला होता. कागद कोरडाच राहिला. दरम्यान बदलायचे वॉशर दुकानादुकानांत गेले होते आणि पंप हळूहळू परत मार्गी लागत होते. बयनाबाई वाचली होती. वॉर्डातून घरी गेली, पण दोन आठवड्यांनी तिच्या पायांतली ताकद कमी होऊ लागली, पाऊल उचलताना लोंबायचं. असं होऊ शकतं, डॉक्टर म्हणाले, महिने लागतील, पूर्ण बरं होईल असं सांगता येत नाही. उपचाराचा सगळा भार कंपनीनं उचलला. त्याची बातमी करायची नाही, एवढं दीपमालानं आधीच कबूल करून घेतलं होतं.

चाचणीचे निकाल आले तशी वृषाली पुन्हा आली. तिच्या फायलीत नवी जाहिरात होती. कोऱ्या कागदावर उभा पंप, आणि खाली, 'चाळीस पंप. बारा दिवस. तपासून सांगतो: एक थेंबही अंगावर नाही.'

"आता पुरावा आहे," ती म्हणाली. "लोकांना तुमची आठवण कशानं आहे? गळक्या पंपानं. याच मुद्द्यावर तुम्ही उत्तर दिलं नाही, तर ती कायमची राहील. मोडलेलं वचन दुरुस्त करून परत देणं, यापेक्षा मोठं काही नसतं."

उत्तमरावांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी रंग दिसला. "बरोबर हाय."

"ही ओळ परत द्यायची नाही," दीपमाला म्हणाली.

तिचा आवाज तिला स्वतःलाच सपाट वाटला, हजेरी घेतल्यासारखा. पंचफुलानं जे सांगितलं होतं ते तिनं इतके दिवस कोणाला सांगितलं नव्हतं. लपवायचं म्हणून नाही. ते सांगण्याजोगं वाक्य तिच्या तोंडात तयार होत नव्हतं. आता तिनं सांगितलं. कागद बांधायची. डबा वाचून दाखवला. कागद बांधला नाही.

देवानंद खाली बघत होता.

"पण तवा ओळ खोटी होती, बाई," उत्तमराव म्हणाले. "आता खरी झाली. खरं बोलायले काऊन भ्यायचं?"

"खरी असली तरी ती वाचून लोक कागद सोडणारच. वॉशर टिकेल. उद्या नळी चिरेल, झाकण ढिलं राहील, वाऱ्यानं फवारा उलटा येईल. वॉशर खराब होता तेव्हा बाकीच्या कितीतरी पंपांखाली लोकांनी कागद बांधले होते. ते वाचले ते आपल्या पंपानं नाही, कागदानं. आपण त्यांना तो काढायला सांगतो."

वृषालीनं पेन खाली ठेवलं. ती चिडली नाही. "ठीक. मग मुकाट्यानं काढून टाका. नव्या डब्यावर छापू नका. पण मागे घेतो असं जाहीर करायची गरज नाही. वकीलही हेच सांगतील. जाहीर केलंत तर समोरच्या कंपन्या ते कापून फिरवतील, की बघा, पळसवाले स्वतःच म्हणतात आमचा पंप गळतो."

"मुकाट्यानं डब्यावरून जाईल," दीपमाला म्हणाली. "ज्यांनी वाचलीय त्यांच्या डोक्यातून कशी जाईल?"

उत्तमराव शेवटी म्हणाले, उद्या बेल्याला जायचंच आहे, आल्यावर ठरवू.

बेल्यात प्रवीणच्या दुकानासमोर मांडव टाकला होता. दोन मेकॅनिक खाटेवर बसून वॉशर बदलत होते. पंप आणणारे लोक मोटरसायकलींवर, दोन-तीन बैलगाडीतून आलेले. पहिल्या तासात उत्तमरावांना पुष्कळ ऐकावं लागलं. एका म्हातारीनं, रुक्माबाईनं, त्यांना विचारलं की तुमच्या घरचे फवारतात का कधी. ते हात जोडून उभे होते. दीपमाला नंबर लिहून घेत होती. उन्हानं कागद चमकत होता, आकडे दोनदा वाचावे लागत होते.

मग नागनाथ नावाचा एक तिशीतला माणूस आला. त्याचा पंप झाला, त्यानं तो उचलून हलवून पाहिला, पाणी भरून उलटा केला. एक थेंब आला नाही. त्याच्या चेहऱ्यावर समाधान आलं.

"झालं ना पक्कं?" त्यानं उत्तमरावांना विचारलं.

"पक्कं झालं. आमी औषध भरून बारा दिवस पाह्यलं."

"मंग आता कागद-बिगद बांधाची गरज नाई ना? लई गरम होते त्यानं."

दीपमालानं पेन थांबवलं. ती मध्ये बोलू शकली असती. तिनं उत्तमरावांकडे पाहिलं नाही, वहीतल्या रेघेकडे पाहत राहिली.

नऊ वर्षं या प्रश्नाचं उत्तर उत्तमरावांना पाठ होतं. नागनाथ वाट बघत होता, पंप त्यानं एका खांद्यावर घेतला होता.

"बांधा," उत्तमराव म्हणाले.

"आँ? मंग पक्कं काय झालं?"

"पंप पक्का हाय. गळला तर माझ्या दारात आनून टाका. पन कागद बांधा. तोंडालेबी बांधा. आमी डब्यावर जे लिवलं होतं ते लिवाले नाई पाह्यजे होतं."

नागनाथ गोंधळून हसला. आजूबाजूचे दोघं-तिघं ऐकत होते. त्यातल्या एकानं फोन काढला होता. उत्तमरावांनी त्याला पाहिलं, तरी ते थांबले नाहीत, तेच पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं म्हणाले.

परतताना गाडीत ते म्हणाले, "बाई, लिवून काढा. आजच."

तिनं गाडीतच लिहिलं. 'आमच्या डब्यांवर आणि भिंतींवर "एक थेंबही अंगावर नाही" असं आम्ही लिहिलं होतं. ते वाचून काही जणांनी पाठीला कागद बांधणं सोडलं. ही ओळ आम्ही मागे घेत आहोत. पंपाचा दोष आम्ही दुरुस्त केला आहे, तरीही ही ओळ परत येणार नाही. कोणताही पंप असो, पाठीला कागद आणि तोंडाला फडकं बांधा. आमची दोन वचनं कायम आहेत: दुरुस्ती गावातच, दोन दिवसांत, तलमडुगु मंडलात चार दिवसांत. आणि दोन वर्षांची हमी, आता वॉशर आणि नळीसकट पूर्ण पंपाची.' खाली उत्तमरावांचं नाव आणि त्यांचा स्वतःचा फोन नंबर. वृषालीला पाठवलं. तिनं एकच बदल केला, दीपमालानं आधी 'आपल्यातल्या काहींनी' लिहिलं होतं तिथे 'काही जणांनी' केलं. "मला अजूनही हे जास्त वाटतं," तिनं खाली लिहिलं होतं. "पण आता अर्धवट करू नका. भिंतीही पुसा."

भिंती पुसायला तीन आठवडे लागले.

त्या हंगामात उरलेला माल फारसा गेला नाही. वृषाली म्हणाली होती तसं एका दुसऱ्या कंपनीच्या माणसानं ती सूचना कापून फिरवली. मुधोळचे आणि आणखी एक दुकानदार सोडून गेले. शेडमधल्या बावीस जणांपैकी सहा जणांना दुसरीकडे काम बघावं लागलं, त्यात गोंडीत निरोप रेकॉर्ड करणारी चंद्रभागाही होती. प्रवीण राहिला. तो म्हणे, लोक पंप घेताना आता हमीचं विचारतात, आणि तुमचा मालक फोन उचलतो का ते करून बघतात. उत्तमराव उचलायचे. कधी कधी लोक नुसते उचलतात का ते बघायला फोन लावायचे आणि ठेवून द्यायचे.

तीन हजार शंभरांतले चारशेच्या वर पंप शेवटपर्यंत सापडले नाहीत. कुठल्या तरी गोठ्यांत, माळ्यांवर असतील. दीपमाला दर सोमवारी त्यांची यादी घेऊन फोन लावायची. बहुतेक नंबर बंद असायचे.

नागसेननं एकदा विचारलं, "तुला नोकरी सोडावीशी वाटते का?"

"नाही."

"मग काय वाटतं?"

तिनं खरंच विचार करून पाहिला. "काही नाही," ती म्हणाली. तो आणखी काही विचारणार होता, पण त्यानं तिच्या हातातलं ताट घेतलं आणि स्वतः धुवायला नेलं.

डिसेंबरात, कापूस वेचणी चालू असताना, पंचफुलाचा फोन आला. दर महिन्याला औषधांची चिठ्ठी पाठवण्यापुरतं त्या बोलायच्या.

"आई आज दारापर्यंत गेली," ती म्हणाली. "भिंत धरून. परत पन आली."

"पायऱ्या उतरली का?"

"नाई. दारापर्यंतच."

"फिजिओवाल्यांना सांगितलंस?"

"सांगतो उद्या." मागे कोंबड्यांचा आवाज येत होता, आणि कुणीतरी बाई कुणाला तरी रागावत होती. ती बयनाबाई असावी. "बस, तेवढंच सांगायचं होतं."

"बरं," दीपमाला म्हणाली.

फोन ठेवल्यावर ती थोडा वेळ खुर्चीत बसून राहिली. आता सुटल्यासारखं वाटेल, असं वाटून तिनं वाट पाहिली. खिडकीबाहेर देवानंद नव्या आलेल्या नळ्या एकेक करून उन्हाकडे धरत तपासत होता. तिनं वहीत तारीख टाकली, 'दारापर्यंत, भिंत धरून' एवढं लिहिलं, आणि सोमवारच्या यादीतला पुढचा नंबर लावला. या खेपेला रिंग गेली.